उजव्या अंगानं झिजलेलं जीन

शाहू छत्रपती गादीवर आल्याला बरीच वर्षं लोटली होती. त्या काळात पागेच्या फाटकासमोर कुतुबुद्दीनचं दुकान होतं. दुकान म्हणजे चार खणांची पडवी. पुढं लिंबाचं झाड, झाडाखाली एक लाकडी घोडा. घोड्याला डोकं नव्हतं, शेपूट नव्हतं. चार पाय आणि वर गोलसर पाठ, एवढंच. पण कोल्हापुरात त्याला मान होता. त्या लाकडी पाठीवर जे जीन चढलं, ते खरं. जे चढलं नाही, ते खोटं. अपील नव्हतं.

त्या वेळी विलायती जिनांची हौस फार होती. सरदार, इनामदार, पागेतले स्वार, सगळ्यांना विलायती जीनच पाहिजे. त्यातही 'थॉर्नबी' छापाचं. जिनाच्या बाजूला लोंबणाऱ्या पाखेवर थॉर्नबीचा ठसा असायचा, घोड्याचं तोंड आणि खाली नाव. नवं थॉर्नबी कुणाला परवडत नव्हतं, आणि जाणत्याला ते नकोही असायचं. नवं जीन करकरतं आणि घोड्याची पाठ सोलतं. बेळगावच्या छावणीत गोऱ्या साहेबांची वापरलेली जिनं लिलावात निघत. दहा वर्षं घाम प्यालेलं, मांडीखाली मऊ झालेलं जीन. त्याला नव्यापेक्षा जास्त गिऱ्हाईक होतं.

जिथं जुन्याला भाव, तिथं जुनं बनवणारेही आले. इथंच जीन शिवायचं, त्यावर थॉर्नबीचा ठसा मारायचा, आणि ठसा उघडा पडू नये म्हणून सगळं घासूनपुसून म्हातारं करून टाकायचं. हे ओळखायला कुतुबुद्दीन. त्याचा बाप जिनं शिवायचा, आजाही. पण जीन वाचणारा तो पहिलाच. त्याच्या बोटांच्या टोकांना चिरा पडलेल्या. त्या चिरांमध्ये पिढ्यांचं मेण आणि काळं भरलेलं.

त्याचा एक रिवाज होता. कुणी पाडला ठाऊक नाही, पण चालत आला होता. खोटं जीन तो झाडाखालून रस्त्यावर फेकायचा. आणि ते आणणाऱ्यानं ते स्वतःच्या पाठीवर बांधून, भर बाजारातून, गंगावेशीपर्यंत न्यायचं. न नेईल त्याला पागेचं फाटक जन्माचं बंद. मागं पोरं खिंकाळायची. माडीवरून बाया गवताची काडी टाकायच्या. कोल्हापूरला कुस्तीनंतर आवडता खेळ तोच होता.

बाळासो नावाचा एक व्यापारी होता. गोरा, गुबगुबीत, कानात भिकबाळी. त्याच्या वाड्यामागच्या शेडात जिनं म्हातारी होतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण धरायचं कुणी? एकदा त्यानं एक जीन आणलं. कुतुबुद्दीननं ते मांडीवर घेतलं आणि पानवाल्यानं पान उलटावं तसं उलटलं.

"बाळासो, ह्यो सायब घोड्यावर बसायचा का घोडा सायबावर?"

"का ओ चाचा?"

"मांडी घासती तिथं कातडं झिजलंय, बरं हाय. पण शिवणीच्या खोबणीत बी झिजलंय. खोबणीत मांडी जाती व्हय? वीटकरीची पूड गेल्या तिथं." त्यानं नखानं शिवण उकरून लाल पूड दाखवली. "आणि हे बकल बघा. बकलाखालचं कातडं कोरं पाहिजे, नव्यावानी. हितं तर बकलाखाली बी काळंच. म्हंजे बकल लावायच्या आदी काताच्या पाण्यात बुडवलंय. आणि ह्यो ठसा."

गर्दी पुढं सरकली. कुतुबुद्दीनला गर्दी पुढं सरकलेली आवडायची.

"सगळी पाख झिजल्या, आणि अक्षरांच्या कडा वस्तऱ्यावानी. पाख झिजली तर ठसा झिजायला नको? आदी म्हातारं केलंत आणि मग बारसं घातलंत!"

जीन रस्त्यावर पडलं. बाळासोनं हसत हसत ते पाठीवर घेतलं. तो लाज कोळून प्यालेला माणूस होता. जाताना म्हणाला, "चाचा, एक दिवस तुमी चुकशीला. त्या दिवशी म्या पेढं वाटीन."

"माझी बोटं चुकत न्हाईत."

ते खरं होतं. पुढं जे झालं त्यातही बोटं चुकली नव्हती.

पिराजी आला तो चैताच्या उन्हात. बिद्रीकडचा माणूस, पन्नाशीच्या आतला, उंच, वाळका. डोक्यावर जीन घेऊन चालत आला होता, कापडात गुंडाळलेलं. तो आधी पागेत गेला आणि पागेचे दरोगे सयाजीराव यांच्यापुढं उभा राहिला. म्हणाला, मिरजेला रेल्वेच्या साहेबाकडं अकरा वर्षं मोतद्दार होतो. घोडं धुणं, खरारा, नाल, जीन, सगळं येतं. साहेब विलायतेला गेला. मला पागेत ठेवा.

सयाजीरावांना मोतद्दार हवाच होता. पण साहेबाची चिठ्ठी मागितली, तर ती वाळवीनं खाल्लेली. पिराजीनं चुरा दाखवला.

"ह्यो तर कुणी बी दावंल," सयाजीराव म्हणाले.

"सायबानं जाताना आपलं जीन दिलंय, सरकार. थॉर्नबी. त्येच माझी चिठ्ठी."

"मग चाचाकडं चल. लाकडी घोड्यावर चढलं तर उद्यापासनं पागेत. न्हाई चढलं तर गंगावेशीपातूर तूच घोडं."

पिराजी हसला. त्याला भीती नव्हती. त्याच्या गळ्यात घराच्या किल्लीसारखी ती नोकरी आधीच अडकलेली होती. बायको आणि तीन लेकरं बिद्रीला वाट बघत होती.

लिंबाखाली गर्दी जमली. बाळासोही आला. खोटं जीन त्याच्या शेडातून गेलंय का हे बघायला तो नेहमीच यायचा.

कुतुबुद्दीननं जीन मांडीवर घेतलं. ठसा पाहिला. अक्षरांच्या कडा मऊ, पाखेसोबत झिजलेल्या. बकल सोडलं. खाली कातडं कोरं, पिवळट, आणि पितळेच्या हिरव्या गंजानं आत खोल डाग पाडलेला. त्याचा चेहरा खुलला. मग त्यानं दोन्ही रिकिबींच्या वाद्या काढल्या आणि शेजारी शेजारी धरल्या.

उजवी वादी डावीपेक्षा बोटभर लांब होती.

"हां," तो म्हणाला.

आता हे समजून घ्यायला हवं. घोड्यावर चढायचं ते डाव्या अंगानं. सगळ्या जगात तसंच. डावा पाय रिकिबीत, सगळा भार त्या वादीवर, मग उजवा पाय मागनं फिरवायचा. म्हणून जुन्या जिनाची डावी वादी ताणून लांब होते.

"उजवी ताणल्या," कुतुबुद्दीन गर्दीला म्हणाला. "तेवढ्यावर म्या फेकत न्हाई. हुशार मोतद्दार वाद्या अदलाबदल करतो, दोन्ही सारख्या ताणाव्या म्हणून. पण ही मागची उंच कड बघा. चढताना फिरवलेल्या पायाचा बूट हितं घासतो. उजवा पाय फिरतो, म्हंजे ओरखडं उजवीकडं पायजेत. हितं हायत डावीकडं! वाद्या बदलता येत्यात, ओरखडं न्हाई बदलत. आणि ह्यो ओरखडा तर बघा, वीतभर लांब, खोल. कुठला स्वार असा नांगर ओढतो?"

लोक हसले. पिराजी पुढं झाला.

"चाचा, आमचा सायब उजव्या अंगानंच चढायचा. त्येचा डावा गुडघा वाकत नव्हता. रुळाच्या कामात मोडलेला. म्हणून उजवा पाय रिकिबीत, आणि डावा ताठ पाय मागनं फिरवायचा. वाकत नव्हता म्हणून घासायचा. म्याच घोडं तसं शिकवलंतं."

"व्हय रं! आणि शेपटीकडं तोंड करून बसायचा का?"

गर्दीत हशा फुटला. कुणी खिंकाळलं. कुतुबुद्दीनच्या मिशीखाली हसू आलं. आपलं बोलणं लोकांना आवडलं की माणूस पुढचं बोलणं आधीच ठरवून टाकतो.

"डावी रिकीब तीन भोकं खाली लावलेली असायची," पिराजी म्हणाला. "बघा की. ताठ पाय लांब लागतो."

कुतुबुद्दीननं बघितलं. डाव्या वादीचं ते भोक खाली होतं, ओढून लांबट झालेलं. एकच भोक. खोटं करणारा आळशी असतो, तो सगळीच भोकं ओढून ठेवतो. कुतुबुद्दीनला हे माहीत होतं.

त्यानं जीन उलटं केलं. आतल्या अंगाला, घोड्याच्या पाठीला लागतं त्या अस्तरावर, हात फिरवला. घामाचं मीठ वाळून कडा पडतात, पाऊस ओसरल्यावर भिंतीवर ओलीच्या रेषा राहाव्यात तशा. त्या कडा एकावर एक होत्या. एक उन्हाळा, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. शिवणीत घोड्याचे तांबडे केस रुतलेले. ओढले तर येईनात. असे केस कुणी हातानं घालू शकत नाही. अकरा उन्हाळे त्या अस्तरात झोपलेले होते, आणि बोटांनी ते मोजले.

त्याच्या हाताखाली जीन खरं झालं. त्याला ते कळलं. पण तो आधीच बोलला होता. नांगर म्हणाला होता, शेपटी म्हणाला होता, चारशे माणसं हसली होती. समोर बाळासो हात बांधून उभा होता आणि त्याच्या बोटांकडं एकटक बघत होता. पेढ्यांची आठवण कुतुबुद्दीनला झाली.

त्यानं जीन डोक्याच्या वर उचललं आणि फेकलं.

पिराजी धुळीत पडलेल्या जिनाकडं धावला, आणि आधी त्यानं ते झाडलं. मोतद्दाराचा हात. मग मान वर करून म्हणाला, "चाचा, तुमी हात फिरवलासा. तुमास्नी कळलंय."

"उचल," कुतुबुद्दीन म्हणाला.

"लेकरांची आण घिऊन सांगा, तुमास्नी कळलं न्हाई."

"उचल म्हंतो न्हवं!"

स्वारांनी ते जीन पिराजीच्या पाठीवर घातलं आणि तंगाचा पट्टा त्याच्या पोटाखालून ओढला. एकानं तोंडात गवत कोंबलं. "चल घोड्या, उजव्या अंगानं!" सयाजीराव स्वतः हसत होते. गंगावेशीपर्यंत पोरांनी पिराजीच्या दोन्ही पोटऱ्या काठ्यांनी लाल केल्या. वाटेत एक म्हातारी म्हणाली, "अगं आई, ह्यो तर रडतोय की!" आणि तिनंही काडी टाकली.

घरी कुतुबुद्दीनच्या बायकोनं, रशिदानं, भाकरी वाढली. तिला गल्लीतून सगळं कळलेलं होतं.

"अवो, खरं हुतं व्हय त्ये?"

तो जेवत राहिला.

"फेकल्यालं उचलून आणलं तर हात झिजत न्हाईत."

"माझा सबूद झिजतो," तो म्हणाला.

त्या दिवसापासून भाकरी वाढताना ती त्याच्याशी बोलेनाशी झाली.

गंगावेशीला पिराजीच्या पाठीवरचं जीन सोडलं ते बाळासोनं. तो वाट बघतच उभा होता.

"माझ्या शेडातनं गेल्यालं परत्येक जीन म्या वळखतो," तो म्हणाला. "हे माझं न्हाई. दुसऱ्या कुणाला असं जमतच न्हाई. म्हंजे खरं हाय. आज कोल्लापुरात दोघांनाच ठाव हाय, तुझं जीन खरं हाय. एक म्या, एक त्यो."

पिराजी रस्त्यात बसला होता. त्याच्या ओठांना गवत चिकटलेलं होतं.

"पागा तर गेली. बिद्रीला काय तोंड घिऊन जाशील? माझ्याकडं ये. जीन खरं कसं झिजतं त्ये तुला ठाव हाय. मला तुझ्यासारखा माणूस पायजेच हुता."

पोट होतं, तीन लेकरं होती. पिराजी गेला. बाळासोनं पहिल्या दिवशीच साहेबाचं जीन उसवलं. ठशाचा साचा काढला, मग कातडं वादी वादीनं फाडलं. त्याचे झिजलेले तुकडे पुढच्या वर्षभर नव्या जिनांना ठिगळासारखे लागले, आणि कुतुबुद्दीनच्या बोटांखालून दोनदा-तीनदा गेलेही. बाळासो फाडत होता तेव्हा पिराजी वादीचं दुसरं टोक धरून उभा होता. धरायला कुणीतरी लागतंच.

दोन वर्षं गेली. कुतुबुद्दीन म्हातारा दिसू लागला. फेकणं त्यानं सोडलं नव्हतं, पण फेकण्याआधी आता त्याचा हात अस्तरावर फार वेळ राहायचा. अनोळखी माणूस जीन घेऊन आला की तो आधी माणसाच्या पोटऱ्यांकडं बघायचा. बिद्रीकडच्या भाजीवाल्यांना विचारायचा, पिराजी कुठं असतो? कुणाला माहीत नव्हतं. पिराजी हाकेच्या अंतरावर, बाळासोच्या शेडात होता. पण तो दिवसा बाहेर पडत नव्हता, कारण पोरं अजून खिंकाळायची.

मग एका बाजाराच्या दिवशी पिराजी आला. दाढी वाढलेली, अंगावर फाटका सदरा. डोक्यावर जीन, कापडात गुंडाळलेलं. लोकांनी ओळखलं आणि पानाची टपरी सोडून धावत आले.

"घोडं परत आलं रं!"

सयाजीराव फाटकातून बाहेर आले. "काय रं? परत हौस आली?"

"ज्या सायबानं त्ये जीन दिलंतं," पिराजी म्हणाला, "त्येच्या भावाचं हे. त्यो बी मिरजेलाच हुता. चाचांनी बघावं."

कुतुबुद्दीन उठून उभा राहिला. दोन वर्षं ज्याला शोधत होता तो समोर होता. त्यानं कापड सोडलं. थॉर्नबी. ठशाच्या कडा मऊ. बकलाखाली कातडं कोरं. त्यानं वाद्या काढल्या. त्या शेजारी शेजारी धरल्या.

उजवी वादी बोटभर लांब. मागच्या कडेवर डावीकडं ओरखडा.

हे साहेबाच्या भावाचं असणार नाही. दोन्ही भावांचे डावेच गुडघे मोडत नसतात. लहान पोराच्याही ध्यानात आलं असतं. पण कुतुबुद्दीन त्या घटकेला जीन वाचत नव्हता. तो स्वतःचा गुन्हा वाचत होता. त्याला वाटलं, हे तेच जीन. पिराजीनं लाजेपायी भावाचं नाव सांगितलं असेल. अल्लानं ते फिरवून आपल्या हातात आणून दिलंय, आता फेडून टाक.

त्यानं जीन उलटं केलं आणि अस्तरावर हात फिरवला. घामाची कड लागली. एक. बोटं पुढं सरकली, दुसरी शोधत. दुसरी नव्हती. सगळं मीठ एका हंगामाचं, एका थराचं. केस होते, पण अस्तरावर पडलेले. शिवणीत रुतलेला एकही नव्हता. बोटांनी सांगितलं. चुकली नाहीत. आणि कुतुबुद्दीननं दुसऱ्यांदा त्यांचं ऐकलं नाही.

त्यानं जीन छातीशी धरलं, चार पावलं चालला आणि लाकडी घोड्याच्या पाठीवर ठेवलं.

"खरं हाय," तो म्हणाला. "असं बी स्वार असतंय. उजव्या अंगानं चढणारं. मागल्या बारीला... मागल्या बारीला म्या चुकलो."

चाचा चुकलो म्हणाला, हे कुणी ऐकलेलं नव्हतं.

पिराजी म्हणाला, "चुकला न्हाईसा. तवा तुमास्नी ठाव हुतं."

कुतुबुद्दीननं मान खाली घातली. "व्हय."

"सगळ्यांनी ऐकलं का?" पिराजीनं गर्दीकडं तोंड केलं. मग लाकडी घोड्यापाशी गेला आणि जिनाच्या बसायच्या जागेवर थाप मारली. "हे खोटं हाय. म्या केलंय. बाळासोच्या शेडात शिवलं, ठसा आदी मारला, मग घासलं. एक भाड्याचं तट्टू घेतलं आणि महिनाभर रोज उजव्या अंगानं चढलो, पाय मागनं ताठ फिरवून. घाम एकाच उन्हाळ्याचा हाय, चाचा. तुमच्या हाताला लागला असंल. खरं जीन फेकलंसा, खोटं चढवलंसा."

गर्दीत बाळासो होता. तो हळूच मागं सरकला. त्या दिवशी पेढे वाटायला तो थांबला नाही.

"त्ये कुठं हाय?" कुतुबुद्दीननं विचारलं. "सायबाचं?"

"फाडलं. एक टोक म्याच धरलंतं."

कुणीतरी सयाजीरावांना म्हणालं, "दरोगं, मग ह्यो खराच मोतद्दार निघाला की. घ्या आता पागेत."

पिराजीनं मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ते सगळ्यांना दिसलं.

सयाजीराव मिशीवरनं हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मोतद्दार खरा हुता. आता खोट्या जिनांचा कारागीर हाय, आपल्या तोंडानं सांगतोय. असल्याला पागेत ठिवू? उद्या सरकारच्या घोड्यावर काय चढवंल?" आणि फाटकाकडं वळले. वळता वळता स्वारांना म्हणाले, "रिवाज काय हाय त्यो करा."

रिवाज म्हणजे खोटं जीन ज्याचं, त्याच्या पाठीवर. स्वार पिराजीकडं सरकले. पण गर्दीतून कुणी ओरडलं, "चढवलं कुणी? चढवलं त्येच्या पाठीवर!" आणि तो आवाज सगळ्या बाजारानं उचलला. ज्यांची जिनं कुतुबुद्दीननं कधी फेकली होती ते पुढं आले. ज्यांचं काहीच नव्हतं तेही आले, आणि त्यांनाच जास्त घाई होती.

कुतुबुद्दीन पळाला नाही. त्यानं टोपी काढून रशिदाच्या दिशेनं धरली. ती पडवीत उभी होती. तिनं ती घेतली नाही. तेव्हा त्यानं टोपी लाकडी घोड्यावर ठेवली आणि वाकला.

जीन त्याच्या पाठीवर पडलं. स्वार तंग ओढायला लागले, एकानं गुडघा लावून ओढला आणि म्हाताऱ्याचा श्वास कोंडला.

"थांबा," पिराजी म्हणाला.

त्यानं स्वारांना बाजूला केलं. तंगाचं बकल सोडलं, कातडं सरळ केलं, सदऱ्याची चुणी पडली होती ती काढली, आणि तंग पुन्हा ओढला, जसा ओढायला हवा तसा, घट्ट. मग अकरा वर्षांच्या सवयीनं त्यानं तंग आणि छातीच्या मध्ये दोन बोटं घालून बघितली. घोड्याला रुतत नाही ना, हे असं बघतात.

रुतत नव्हतं. पिराजीनं आणखी एक भोक ओढलं, आणि म्हाताऱ्याच्या कमरेवर थाप मारली.